मिक्सर घुंऽ करतो, पातं हलत नाही: कपलरच्या नोंदी

१४ एप्रिल २०२५

घरात कांदा-लसूण मसाल्याची गडबड. मिरच्या-धणे उद्या डंकावर जायचेत, त्याआधी खोबरं आणि लसूण-आल्याचं वाटण घरीच मिक्सरवर काढायचं. आईंनी (माझ्या सासूबाई) चटणीच्या लहान भांड्यात भाजलेलं खोबरं घातलं, बटण फिरवलं. मशीन घुंऽ करून सुरू झालं, पण भांड्यातलं खोबरं जागचं हललं नाही. "अगं, झाकण दाबून धर, मग फिरतं," म्हणाल्या. दाबलं तर खरंच दोन-चार फेरे फिरलं, टर्रर्र आवाज आला आणि परत थांबलं. विचारलं तेव्हा कळलं की आठवडाभर त्या असंच दाबून वाटत होत्या.

मिक्सर आठ वर्षांचा, ७५० वॉटचा, तीन भांड्यांचा. नोंदी ठेवतेय, कारण मागच्या वेळी काय बिघडलं आणि काय बदललं ते कुणालाच आठवत नव्हतं.

सगळ्यात आधी आवाज नीट ऐकला, कारण घुंऽ दोन तऱ्हेचं असतं. भांडं भरलेलं असताना मिक्सरचा आवाज एरवी दबतो, जड होतो आणि माल बारीक होत गेला की पुन्हा मोकळा होतो. आज तो पहिल्यापासूनच बारीक, चढा आणि मोकळा होता, रिकामं मशीन चालवल्यासारखा. म्हणजे मोटर जोरात फिरतेय, पण तिच्यावर कसलाच भार येत नाहीये. अडकलेल्या मोटरचं घुंऽ याच्या उलट असतं: खालच्या पट्टीतलं, दबलेलं, अंग थरथरवणारं. काही सेकंदांतच वास येऊ लागतो किंवा तळाचं लाल बटण उडतं.

प्लग काढला, भांडं उचललं. मोटरच्या डोक्यावरच्या खोलगट जागेत काळी भुकटी साचली होती, काजळ खरवडून पसरल्यासारखी. भांडं न लावता प्लग लावून दोन सेकंद मशीन फिरवलं. वरचा काळा दातेरी भाग, म्हणजे कपलर, झकास फिरला. मोटर ठीक आहे. मोटरपासून पात्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी हात सुटलाय.

ती वाट फार लांब नाही. मोटरच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, एक कपलर बसतो आणि भांड्याच्या बुडाशी दुसरा. खालच्याचे दाते वरच्याच्या खाचांत शिरतात. त्यांना एकमेकांशी बांधणारं दुसरं काही नसतं, फक्त एकाच्या दात्याची उभी कड दुसऱ्याच्या कडेला ढकलते. भांडं सहज उचलून काढता येतं ते याचमुळे.

आमच्या खालच्या कपलरला चार दाते आहेत. नखाने कड चाचपली. दात्याची एक बाजू अजून ताठ, काटकोनात. दुसरी बाजू घसरगुंडीसारखी उतरती झालेली. चारही दात्यांवर तीच बाजू झिजलीय, कारण मोटर एकाच दिशेने फिरते आणि भार कायम त्याच कडेवर येतो. आईंच्या झाकण दाबण्याचा उलगडा इथे झाला. कड उतरती झाली की वरचा कपलर ढकलला न जाता त्या उतारावर चढतो, भांडं केसभर उचललं जातं आणि दात्यावरून घसरून पुढच्या खाचेत पडतं. तोच टर्रर्र. वरून दाबलं की चढायला वाव मिळत नाही, म्हणून थोडा वेळ पातं फिरतं. पण तेवढ्या वेळात दाते आणखी खरवडले जातात. आईंना हे दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवून पाहिलं, म्हणाल्या, "तरीच ती काळी पूड. मी रोज पुसत होते."

खोबरं शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर वाटून घेतलं.

१६ एप्रिल

कपलर काढला. सगळा वेळ दिशा समजून घेण्यात गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

कपलर शाफ्टवर आट्यांनी बसलेला असतो. उलट्या बाजूला जोर लावला तर तो आणखी घट्ट होतो आणि शेवटी आतल्या पितळी आट्या तरी जातात नाहीतर कपलर फुटतो. आटे कसे आहेत ते मशीनच सांगतं. शाफ्ट कपलरला पुढे ओढतो, भांड्यातला माल त्याला मागे धरून ठेवतो. या ओढाताणीत कपलर सुटू नये, उलट आवळत जावा, अशाच दिशेचे आटे पाडलेले असतात. म्हणून शाफ्ट धरून ठेवायचा आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवायचा, म्हणजे तो सुटतो. मोटर कोणत्या दिशेची ते मशीन बंद केल्यावर कपलर थांबत येतो तेव्हा डोळ्यांनी दिसतं. आमची वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, तेव्हा उघडायचंही त्याच दिशेने. साध्या बाटलीच्या झाकणाच्या नेमकं उलटं.

शाफ्ट धरायला मशीन आडवं केलं, तळाचे चार स्क्रू काढून झाकण बाजूला केलं. तिथे प्लास्टिकचा पंखा दिसतो आणि त्याच्या मधोमध शाफ्टचं टोक. टोकाला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच आहे. पंखा हाताने धरायचा मोह होतो. धरू नये, पाती मोडतात. जाड स्क्रूड्रायव्हर खाचेत घालून मी धरला आणि आईंनी कपलरवर जाड फडकं गुंडाळून फिरवला. पहिल्या दोन प्रयत्नांत हलला नाही. तिसऱ्याला कट् असा आवाज आला आणि पुढे बोटांनीच निघाला.

काढण्याआधी एक चाचणी करून घेतली होती. भांडं बसवलं, मी खालून शाफ्ट धरला आणि आईंनी लाकडी पळीच्या दांड्याने पातं ढकललं. शाफ्ट हलत नसताना पातंही हलायला नको. ते टक् करून पुढच्या खाचेत गेलं. शंका उरली नाही.

जुना कपलर सोबत घेऊनच दुकानात गेले. दात्यांची संख्या, घेर, उंची आणि मधल्या आट्याचं माप कंपनीगणिक वेगळं असतं. नुसतं नाव सांगून आणलेला भाग बसेलच असं नाही. दुकानदाराने जुना आणि नवा एकमेकांवर पालथे ठेवून दाते जुळवून दिले. ६० रुपये.

नवा बसवताना फार आवळला नाही. हाताने घट्ट झाला की पुरे, बाकी मोटर स्वतःच आवळून घेते. खोलगट जागेतली काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली. मग व्हाइटनरने कपलरच्या वरच्या तोंडावर एक बारीक पांढरी रेघ ओढली: मधल्या पितळी भागापासून बाहेरच्या काळ्या भागापर्यंत, सरळ. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वडील सायकलच्या नटांवर अशी खूण करायचे, म्हणजे नट सैल झालाय का ते लांबून कळतं.

अर्धं भांडं पाणी घालून एक नंबरवर अर्धा मिनिट चालवलं. आवाज दबला, भार येतोय. छान.

भांड्यांच्या बुडाचे कपलरही पाहिले. मोठी दोन ठीक. लहान भांड्याचा थोडा गुळगुळीत, तपकिरी चकाकी असलेला वाटला. "चालेल अजून" म्हणून सोडून दिला.

५ मे

चालला नाही. मोजून १९ दिवस.

तेच लक्षण: चढा, मोकळा आवाज आणि पातं थंड. या वेळी टर्रर्र मात्र नाही. भांडं उचललं तर कपलरचे दाते नवेकोरे, चारही कडा ताठ. क्षणभर काहीच सुचेना.

मग पांढरी रेघ दिसली. ती तुटली होती. पितळेवरचा तुकडा एकीकडे आणि काळ्या भागावरचा तुकडा पाव फेरा पुढे. मोटरचा शाफ्ट पितळेला फिरवतो, पितळेने काळ्याला फिरवायचं असतं, आणि तीच पकड सुटली होती. पितळ आतल्या आत फिरतंय. दाते बघून असा कपलर कुणीही "चांगला आहे" म्हणून परत बसवेल. रेघ नसेल तर ओळखायचं असं: खालून शाफ्ट धरायचा आणि वरून काळा भाग पिळायचा. तो फिरला आणि पितळ जागीच राहिलं, तर कपलर गेला.

पहिला राग आला तो भागाच्या दर्जावर. पण विचार केला. दाते १९ दिवसांत जराही झिजले नाहीत आणि आतली पकड मात्र उखडली. हे हळूहळू घासून झालेलं नाही, एकदम मोठा पीळ बसल्याने झालंय. मग भार कुठून आला? मसाला तर कधीच करून झालाय. काल आईंनी काय वाटलं होतं? शेंगदाण्याची चटणी, मूठभर, लहान भांड्यात.

लहान भांडं.

६ मे

तिन्ही भांडी ओळीने ठेवली आणि बुडाचा कपलर बोटाने टिचकी मारून फिरवला. मोठं भांडं: दीड-दोन फेरे फिरून अलगद थांबतं. मधलं: एक फेरा. लहान: टिचकीने हललंच नाही. चिमटीत धरून पिळलं तेव्हा फिरलं, आणि तेही जागोजागी अडत, आत वाळू असल्यासारखं.

नुसत्या टिचकीवर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून मोजलं. भांडं आडवं धरलं, कपलरला दोरा चार वेढे गुंडाळला आणि दोऱ्याच्या टोकाला पिशवी टांगली. मोठ्या भांड्याचा कपलर पिशवीत एक चमचा टाकताच फिरला. लहान भांड्याला पाव किलो साखरेची पुडी लागली. मग कुठे तो कुरकुरत फिरू लागला.

पाव किलो ऐकायला काहीच वाटत नाही. हिशोब केला तेव्हा डोळे उघडले. कपलरची त्रिज्या दीड सेंटीमीटर, त्यावर पाव किलोचा ओढा. मिक्सर वाटताना मिनिटाला १०,००० फेरे घेतो असं धरलं आणि घर्षण तेवढंच राहिलं असं मानलं, तर पात्याचा शाफ्ट ज्या नळीत फिरतो त्या एका बुशमध्ये सुमारे ४० वॉट नुसते जळतात. करंगळीच्या पेराएवढ्या पितळी नळीत ४० वॉटच्या जुन्या बल्बची उष्णता. भांड्याचं बूड गरम लागतं, कपलरवर तपकिरी चकाकी येते, ती या उष्णतेने. प्लास्टिक वितळायच्या बेताला येऊन पुन्हा थिजलेलं होतं. १६ एप्रिलला मी ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

आणि हा झाला भांडं रिकामं असतानाचा भार. चटणीचा वेगळा. त्यात गरम झालेला शाफ्ट फुगून बुशमध्ये क्षणभर जरी धरला गेला, तरी पात्याची बाजू थांबते, मोटर थांबत नाही, आणि मधला सगळ्यात मऊ भाग तुटतो. एप्रिलमध्ये उतरते झालेले दातेही याच भाराने झिजले असणार.

बुश का अडकला तेही पाहायचं होतं. लहान भांड्यात दोन बोटं पाणी घालून ते वर्तमानपत्रावर तासभर ठेवलं. उचललं तर खाली रुपयाएवढं ओलं वर्तुळ, कडेने पिवळसर. शाफ्टभोवतीचं वॉशर गेलंय. हळद-मीठ-तिखटाचं पाणी इतके दिवस तिथून झिरपत बुशमध्ये उतरत होतं. पाणी उडून जातं, मीठ आणि मसाल्याचा चिकटा मागे राहतो, सुकतो, कडक होतो. उरलेलं खाली कपलरच्या खोलगट जागेत ठिबकतं. म्हणजे काळ्या भुकटीसोबत तिथे कधी पिवळट डाग दिसला, तर मोटरकडे नाही, भांड्याकडे बघायचं.

कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पातं फिरवून पाहिलं. थोडं मोकळं झालं, सुकल्यावर पुन्हा तसंच. आई म्हणाल्या, गोडंतेल सोड दोन थेंब. सोडलं असतं तर आज नक्की फिरलं असतं. पण खाण्याचं तेल उष्णतेने घट्ट होत जातं, महिन्याभरात त्याचाच चिकटा होतो. वॉशर फाटलेलं असताना तर तेल चटणीत आणि चटणी बुशमध्ये. नको म्हटलं.

७ मे

लहान भांडं घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांनी टिचकी मारली, भांडं कानाशी नेऊन कपलर फिरवला आणि म्हणाले, "ताई, मशीन नका आणू, हेच आणलंत ते बरं केलंत. बुश बसलाय."

पात्यावर फडकं टाकून ते धरलं आणि बुडाचा कपलर काढला. इथेही साध्या झाकणाच्या उलट, समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने. भांड्याकडचा कपलर ओढला जात नाही, तो स्वतः शाफ्टला ओढतो. पण भांडं पालथं असल्याने दिशाही पालथी दिसते, आणि शेवटी दोन्ही कपलर आपापल्या तोंडाकडून पाहिले की एकाच बाजूला सुटतात.

शाफ्ट बाहेर आला तो बघण्यासारखा होता. वरचा अर्धा भाग चकचकीत, खालच्या अर्ध्यावर गूळ करपल्यासारखा तपकिरी थर आणि त्यात नखाला लागेल अशी एक गोल चरी. काका म्हणाले, चरी पडली म्हणजे धुऊन उपयोग नाही. शाफ्ट भांड्यात डुगडुगणार, नवं वॉशर पण आठ दिवसांत फाटणार. बुश, शाफ्ट, वॉशर, पातं असा पूरा सेट बदलला, बुडाला नवा कपलर लावला. मोटरवरचा कपलरही नवा घेतला. दोन्ही एकदम नवे असले की कडेला कड पूर्ण टेकते. एक झिजका ठेवला तर तो दुसऱ्याला टोकाशीच ढकलतो आणि त्यालाही उतरता करतो. सगळे मिळून ३४० रुपये.

मी विचारलं, लोखंडाचा कपलर मिळत नाही का, एकदाच बसवून टाकू. काकांनी मान हलवली. "हा मऊ आहे म्हणून तुमची मोटर वाचली. भांडं जाम झालं तर कुणीतरी तुटायला पाहिजे. हा तुटला साठ रुपयांत. हा नाही तुटला तर आर्मेचर जळतं."

घरी येऊन दोरा-पिशवी. लहान भांडं आता चमच्यावर फिरतं. कपलर बसवला, नवी पांढरी रेघ ओढली.

११ मे

शेजारच्या काकूंनी बोलावलं. त्यांचाही मिक्सर घुंऽ करतो, पातं फिरत नाही, "तुझा तो साठ रुपयांचा भाग सांग." आवाज ऐकताच प्लग ओढला. खालच्या पट्टीतलं, दबलेलं घुंऽ होतं. भांडं काढून कपलर हाताने फिरवला तर तोच जाम, शाफ्टसकट. इथे कपलर बदलून काहीही होणार नाही. मोटर स्वतः अडकलीय. दोन आठवड्यांपूर्वी ताक उतू जाऊन मशीनवर सांडलं होतं, ते शाफ्टवाटे वरच्या बेअरिंगमध्ये गेलं असणार. अशा अवस्थेत बटण चालू ठेवलं तर अडकलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट जातो आणि वाइंडिंग जळतं. "परत चालू करून बघू नका" एवढंच सांगितलं आणि मशीन दुरुस्तीवाल्या काकांकडे पाठवलं.

२४ मे

आईंनी स्वतः काही सवयी बदलल्यात, त्या इथे लिहायला सांगितल्या. भांडं नीट बसल्याचा कट् ऐकल्याशिवाय बटण नाही. मोटर पूर्ण थांबल्याशिवाय भांडं उचलायचं नाही, कारण फिरत्या दात्यांवरून उचलताना कडांची टोकं उडतात. खोबऱ्याचे काप पातळ, भाजून पूर्ण गार केलेले. गरम खोबऱ्याला तेल सुटून पात्याखाली लगदा बसतो. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरायचं नाही आणि एकदम तीन नंबरवर न्यायचं नाही. लहान भांडं रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं बंद. धुतलं की आडवं करून सुकवायचं, म्हणजे बुशमध्ये पाणी थांबत नाही.

२८ जून

रेघ अखंड. दाते ताठ, काळी भुकटी नाही. लहान भांडं चमच्यावरच फिरतं.

तिन्ही भांडी वर्तमानपत्रावर तासभर ठेवली. लहान कोरडं, मधलं कोरडं. मोठ्याच्या खाली मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा ओला ठिपका. फिरतं अजून मोकळं, चरी पडायच्या आत नुसत्या वॉशरवर भागेल. सोमवारी काकांकडे नेते.